सिल्व्हर-रसेल सिंड्रोम: रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आल्यावर काय, आणि वजन किती वाढवायचं?

प्रश्न: आमची मुलगी 23 महिन्यांची आहे. 38 आठवडे पूर्ण होऊन जन्मली, तरी वजन फक्त 1.9 किलो, लांबी 43 सेंमी आणि डोक्याचा घेर 32.5 सेंमी होता. आता वजन 7.1 किलो, उंची 74 सेंमी. चेहरा छोटा आणि त्रिकोणी, कपाळ पुढे आलेलं, उजवा पाय डाव्यापेक्षा साधारण एक सेंमी लांब. भूक जवळजवळ नाहीच. एका डॉक्टरांनी सिल्व्हर-रसेल सिंड्रोम, म्हणजे पोटातूनच वाढ मागे पडण्याचा आजार, सांगितला, पण रक्ताची जनुकीय तपासणी नॉर्मल आली. दुसरे डॉक्टर म्हणतात, नाकातून नळी घालून वजन भरून काढा. निदान चुकलं का? नळी घालावी का? लांब पायाचं काय करायचं? पहाटे तिला घाम येतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का? आणि पुढच्या बाळालाही असं होऊ शकतं का?

उत्तर:

आधी घामाबद्दल बोलतो, कारण बाकी सगळ्या गोष्टींना आठवडा-दोन आठवडे मिळाले तरी चालतात, याला नाही. झोप लागता लागता डोक्याला घाम येणं लहान मुलांमध्ये नेहमीचं आहे, त्यात काळजीचं काही नसतं. पण रात्रीचं शेवटचं दूध पिऊन बरेच तास झालेले, पहाटेची वेळ, अंगाला गार घाम, मूल किरकिरं किंवा नेहमीपेक्षा सुस्त, असं चित्र असेल तर रक्तातली साखर उतरत असण्याची शक्यता धरायलाच हवी. सिल्व्हर-रसेलच्या मुलांमध्ये तसं होण्याची कारणं सरळ आहेत. उपाशीपोटी साखर टिकते ती यकृतातल्या साठ्यावर आणि स्नायूंतून मिळणाऱ्या कच्च्या मालावर. या मुलांचं यकृत लहान आणि स्नायू फार कमी. उलट साखर सर्वांत जास्त वापरणारा अवयव म्हणजे मेंदू, आणि तो मात्र जवळपास नेहमीच्या आकाराचा. त्यात मूल खातंही कमी. म्हणजे साठा छोटा आणि खर्च मोठा. निरोगी मूल जितका वेळ उपाशी राहू शकतं, तितका वेळ हे मूल राहू शकत नाही.

शोधायचं कसं? औषधाच्या दुकानात लघवीतले कीटोन पाहण्याच्या पट्ट्या मिळतात. सलग काही दिवस सकाळची पहिली लघवी, काहीही खायला-प्यायला देण्याआधी, पट्टीवर तपासा. डायपर असेल तर त्यात कापसाचा बोळा ठेवून पिळला तरी पट्टी भिजण्यापुरती लघवी मिळते. शरीराची साखर संपत आली की ते चरबी जाळायला लागतं आणि कीटोन तयार होतात. साखर धोकादायक पातळीवर जाण्याच्या आधीच बहुतेक वेळा हे दिसतं, म्हणून पट्टी आपल्याला वेळेत सावध करते. पट्टीवर मध्यम किंवा गडद रंग येत असेल, तर रात्रीचा उपास तिला झेपत नाही असं समजायचं. आणि प्रत्यक्ष घाम आलेला असताना, जमलं तर, ग्लुकोमीटरवर बोटातल्या रक्ताची साखर मोजा. 70 च्या खाली दिसली तर आधी साखरपाणी द्या, मग डॉक्टरांना फोन करा. मूल गुंगीत असेल, नीट गिळत नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठा.

कीटोन दिसले तर उपाय तुलनेने सोपा आहे. रात्री झोपण्यापूर्वीच्या खाण्यात न शिजवलेला कॉर्नस्टार्च मिसळतात. तो आतड्यात हळूहळू पचतो आणि कित्येक तास थोडी थोडी साखर सोडत राहतो. शिजवला किंवा गरम दुधात घातला की तो पटकन पचतो आणि त्याचा हेतूच संपतो, म्हणून कोमट किंवा गार पदार्थातच घालायचा. साधारण दहा महिन्यांपुढच्या बाळांना तो चालतो, त्याआधी पचवण्याची क्षमता पुरेशी नसते. किती ग्रॅम द्यायचा हे तुमच्या डॉक्टरांनी वजनावरून ठरवावं, आणि तो दिल्यावर सकाळची पट्टी पुन्हा पाहावी. पट्टी कोरी आली तर मात्रा बरोबर आहे.

याला जोडून एक गोष्ट लिहूनच ठेवा: उलट्या-जुलाब, ताप, खाणं पूर्ण बंद, किंवा कोणत्याही तपासणी-शस्त्रक्रियेसाठी 'उपाशीपोटी आणा' असं सांगितलं गेलं, तर हे मूल घरी वाट बघत ठेवायचं नाही. शिरेतून ग्लुकोज सुरू करूनच उपास करायचा. मी माझ्याकडच्या प्रत्येक कुटुंबाला हे एका कागदावर सही-शिक्क्यानिशी लिहून देतो, कारण मध्यरात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना या आजाराचं नाव माहीत असेलच असं नाही. ही मुलं दिसतात वयापेक्षा लहान, पण हिंडती-फिरती आणि तरतरीत असतात. त्यामुळे 'दोन तास थांबू, बघू' असं सहज म्हटलं जातं.

आता निदानाकडे. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निदान चुकलं असं अजिबात नाही. सिल्व्हर यांनी 1953 मध्ये आणि रसेल यांनी 1954 मध्ये ही मुलं पहिल्यांदा वर्णन केली, तेव्हा जनुकीय तपासणीच नव्हती. निदान मोजपट्टी आणि डोळ्यांनीच होत होतं. आजही ते आधी तिथेच होतं. तपासणी त्याला दुजोरा देते आणि कोणता प्रकार आहे ते सांगते. आणि लक्षणांवरून निदान पक्कं झालेल्या मुलांपैकी साधारण 40 टक्क्यांमध्ये आजच्या तपासण्यांत काहीच सापडत नाही.

सध्या वापरतात ती पद्धत म्हणजे नेचीन-हार्बिसन गुणांकन. त्यात सहा मुद्दे आहेत आणि प्रत्येकाला एक गुण. तुम्ही आकडे दिलेच आहेत, तर तुमच्या मुलीचंच गणित मांडू.

जन्माच्या वेळी वजन किंवा लांबी त्या आठवड्यांच्या बाळांच्या तुलनेत उणे 2 एसडी किंवा त्याखाली हवी. एसडी म्हणजे सरासरीपासून किती दूर ते मोजायचं एकक, उणे म्हणजे सरासरीच्या खाली. 38 आठवड्यांच्या मुलीसाठी 1.9 किलो आणि 43 सेंमी हे दोन्ही उणे अडीचच्या आसपास किंवा त्याखाली जातात. एक गुण. दुसरा मुद्दा दोन वर्षांच्या सुमारास उंची उणे 2 एसडीखाली असणं. 23 महिन्यांची मुलगी सरासरीने 85 सेंमीच्या पुढे असते, तुमची 74 सेंमी आहे, म्हणजे उणे 3 च्याही खाली. दुसरा गुण.

तिसरा मुद्दा सर्वांत बोलका, आणि नेमका तोच पुष्कळदा कुणी पाहत नाही. डोकं शरीराच्या मानाने मोठं असणं. इथे डोकं 'मोठं' नसतं, ते साधारण नॉर्मलच असतं, बाकीचं शरीर लहान राहिलेलं असतं. 32.5 सेंमी घेर हा 38 आठवड्यांच्या मुलीसाठी सरासरीपेक्षा जरासाच कमी, उणे अर्ध्याच्या आसपास. वजन उणे अडीच आणि डोकं उणे अर्धा, म्हणजे दोघांत दोन एसडींचा फरक. दीड पुरेसा असतो. तिसरा गुण. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे कित्येक बाळांच्या डोक्यात पाणी झालंय का म्हणून स्कॅन होतात. तुमच्याकडे जन्माच्या वेळचा डोक्याचा घेर नोंदलेला आहे हे नशीब, अनेकांच्या फायलीत तो सापडत नाही.

चौथा, पुढे आलेलं कपाळ, आणि ते एक ते तीन वर्षं या वयात बाजूने पाहायचं. समोरून तो चेहरा त्रिकोणी दिसतो, कारण कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असते. वय वाढतं तसा चेहरा भरतो आणि त्रिकोण पुसट होतो. म्हणून मी मोठ्या मुलांच्या पालकांना दीड-दोन वर्षांच्या वयाचे, बाजूने काढलेले फोटो आणायला सांगतो. तुम्हीही आत्ताच एक सरळ बाजूने काढून ठेवा. पाचवा, शरीराच्या दोन बाजूंतला फरक: पायांच्या लांबीत अर्धा सेंमी किंवा जास्त. तुमच्या मुलीत एक आहे. सहावा, खाण्याची अडचण किंवा दोन वर्षांच्या सुमारास बीएमआय उणे 2 खाली. 7.1 किलोला 0.74 च्या वर्गाने भागलं की 13.0 येतो, आणि या वयाच्या मुलींमध्ये तो उणे 2 च्या खालीच पडतो. भूक नाही हे तर तुम्ही सांगितलंच आहे.

सहापैकी सहा. चार गुण मिळाले की सिल्व्हर-रसेलचा संशय घेऊन तपासण्या करतात. तपासण्यांत काही सापडलं नाही तरी, चार किंवा जास्त गुणांत पुढे आलेलं कपाळ आणि तुलनेने मोठं डोकं हे दोन्ही असतील, तर निदान लक्षणांवर कायम ठेवतात. तुमच्या मुलीत दोन्ही आहेत. तुम्ही दिलेली मापं बरोबर असतील तर पहिल्या डॉक्टरांचं निदान मला योग्य वाटतं.

मग रक्तात का नाही सापडलं? याचं उत्तर तिच्या पायात असू शकतं. अकराव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ, 11p15 या भागात, आयजीएफ-2 नावाच्या वाढीच्या घटकाचं जनुक आहे. गर्भात ते फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीवरून काम करतं. आईकडून आलेली प्रत मुळातच बंद असते. कोणती प्रत चालू आणि कोणती बंद हे जनुकाच्या अक्षरांवरून ठरत नाही, जनुकाशेजारच्या एका नियंत्रक भागावरच्या रासायनिक खुणेवरून ठरतं. वडिलांच्या प्रतीवरची ती मिथिलेशनची खूण पुसली गेली की आयजीएफ-2 गप्प होतं आणि बाळ पोटातच मागे पडतं. निम्म्याच्या आसपास मुलांत कारण हेच असतं. आणखी 5 ते 10 टक्क्यांत सातव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात.

ही खूण बहुधा गर्भधारणेनंतर, पेशींची विभागणी सुरू झाल्यावर पुसली जाते. म्हणून शरीरातल्या काही पेशींत ती असते, काहींत नसते. ज्या बाजूला खूण नसलेल्या पेशी जास्त, ती बाजू कमी वाढते. एक पाय आखूड राहण्याचं कारण हेच समजलं जातं. आणि मग असंही होऊ शकतं की रक्तपेशींमध्ये खूण नसलेल्या पेशींचं प्रमाण इतकं कमी असतं की तपासणीच्या पकडीत येत नाही, पण गालाच्या आतल्या अस्तरात किंवा त्वचेत ते जास्त असतं. त्यामुळे तुमच्या जागी मी दोन गोष्टी विचारल्या असत्या. एक, नेमकी कोणती तपासणी झाली? नुसतं एक्झोम सिक्वेन्सिंग केलं असेल तर ते जनुकाची अक्षरं वाचतं, मिथिलेशनची खूण त्याला दिसत नाही. त्याचा नॉर्मल रिपोर्ट या आजाराबद्दल फारसं सांगत नाही. हवी असते ती 11p15 आणि सातव्या गुणसूत्राची मिथिलेशन तपासणी, बहुतेक प्रयोगशाळांत एमएस-एमएलपीए या पद्धतीने. दोन, ती रक्तावर झाली आणि खरंच नॉर्मल असेल, तर गालाच्या आतून घेतलेल्या स्वॅबवर पुन्हा करता येईल का? तुमच्या मुलीसारखी, पायांत फरक असलेली मुलं या दुसऱ्या नमुन्यासाठी अगदी योग्य. त्याचबरोबर चौदाव्या गुणसूत्रावरची टेम्पल सिंड्रोमची तपासणीही करून घ्यावी, कारण लहानपणी त्या मुलांचं चित्र याच्याशी बरंच मिळतं, पण पुढे त्यांचं वजन आणि वयात येणं वेगळ्या मार्गाने जातं.

आता नळी. या उत्तरातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच.

वर बीएमआय 13.0 ला गुणांकनात एक गुण मिळाला, म्हणजे तो 'बिघडलेला' आकडा झाला. पण उपचारात तोच आकडा आम्ही दुरुस्त करायला जात नाही. सिल्व्हर-रसेलवर 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांचं पहिलं सहमतीपत्र प्रसिद्ध झालं. त्यानुसार स्नायू फार कमी असलेल्या अशा मुलांसाठी, विशेषतः 11p15 प्रकारात, बीएमआय साधारण 12 ते 14 पुरेसा असतो. कारण यांच्या शरीरात स्नायू कमी आहेत. नेहमीच्या तक्त्यातल्या सरासरीला, म्हणजे पंधरा-सोळाला, या मुलीला नेऊन बसवलं तर ते वाढलेलं वजन स्नायूंचं नसेल, चरबीचं असेल. बाहेरून मूल 'भरलेलं' दिसेल आणि घरचे खूश होतील.

त्याची किंमत पुढे सहा-सात वर्षांनी दिसते. गर्भात उपाशी राहिलेलं आणि नंतर वेगाने चरबी साठवलेलं शरीर इन्सुलिनला कमी दाद देऊ लागतं. मग अॅड्रिनल ग्रंथी लवकर जाग्या होतात, घामाला मोठ्या माणसासारखा वास, काखेत-जांघेत केस, आणि त्यामागून वयात येणंही लवकर. हाडांचं वय, जे लहानपणी खऱ्या वयापेक्षा मागे असतं, ते आठ-नऊ वर्षांच्या सुमारास झपाट्याने पुढे पळतं. हाडांच्या टोकांची वाढ थांबली की उंचीही थांबते. वजन भरून उंची वाढेल या आशेने नळी घातली जाते आणि नेमकी उंचीच गमावली जाते. माझ्याकडे एक मुलगा आला होता, पोटात थेट नळी बसवून तीन वर्षं भरपूर आहार दिलेला. सात वर्षांचा असताना बीएमआय 18 च्या वर, काखेत केस, आणि हाडांचं वय दहाच्या आसपास. त्याची उंची तोवर इतरांच्या मानाने जरा सुधारलीही होती, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. ती सुधारणा म्हणजे पुढची उंची आधीच खर्च करणं होतं.

याचा अर्थ मुलीला उपाशी ठेवा असा नाही. या वयात पुरेसा आहार हवाच, आणि बीएमआय 12 च्या खाली घसरत असेल तर तो वर आणावा लागतो. तुमची मुलगी 13 वर आहे. इथून मी वजनाच्या मागे धावणार नाही. आधी ती का खात नाही ते शोधीन. या मुलांपैकी बहुसंख्यांना पोटाच्या तक्रारी असतात: अन्न घशाशी येणं, जठर सावकाश रिकामं होणं, बद्धकोष्ठता. बद्धकोष्ठता इतकी साधी गोष्ट, पण मोठं आतडं भरलेलं असेल तर मूल तोंड उघडत नाही, आणि ती बरी केल्यावर भूक आपोआप सुधारलेली मी कित्येकदा पाहिली आहे. घशाशी येण्याचा त्रास असेल तर त्यावर उपचार. तोंडाच्या स्नायूंचा अशक्तपणा, चावायची भीती, हे असेल तर स्पीच थेरपिस्टकडे खाण्याचं प्रशिक्षण. जबरदस्तीने भरवणं मात्र पूर्ण बंद करा. त्याने तोंडाशी घास आला की मान फिरवायची सवय पक्की होते आणि ती मोडायला वर्ष लागतं. काही ठिकाणी सायप्रोहेप्टाडिन हे औषध भूक वाढवण्यासाठी देतात. काही मुलांना त्याचा चांगला उपयोग होतो, पण झोप येते का, वजन फार झपाट्याने वाढतं का, हे बघत द्यावं लागतं.

नळीला जागा आहे, ती शेवटची. मूल तोंडाने अजिबात पुरेसं घेत नाही आणि बीएमआय घसरतच चाललाय, किंवा कॉर्नस्टार्च घेऊनही रात्री साखर उतरते, अशा वेळी. आणि घातली तरी ध्येय आधी ठरवून घालायची: अमुक बीएमआयपर्यंत, त्यापुढे नाही. चार-पाच वर्षांच्या पुढे बऱ्याच मुलांची भूक आपोआप वाढते. त्या वेळी नळीतलं प्रमाण कमी केलं नाही की वजन उसळी मारतं. घरी तुम्हाला कसं कळेल? महिन्यातून एकदाच, त्याच वजनकाट्यावर वजन घ्या आणि तीन महिन्यांतून एकदा उंची मोजून बीएमआय काढा. 14 ओलांडला तर कॅलरी कमी करायची वेळ आली. पोट आणि मांड्या मऊ, गुबगुबीत होऊ लागल्या आणि हातपाय तसेच बारीक राहिले, तरी तेच.

तिची उंची आणि स्नायू दोन्हींसाठी खरं औषध म्हणजे ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन. उपचार न घेतलेल्या रुग्णांची प्रौढ उंची पुरुषांत सरासरी 151 सेंमी आणि स्त्रियांत 140 सेंमीच्या आसपास नोंदली आहे. इंजेक्शनने यात खरोखर फरक पडतो. मात्र मुलगी सरासरी उंचीची होईल असं वचन देणारा कुणी भेटला तर दुसरीकडे चौकशी करा. माझ्या दृष्टीने उंचीइतकाच मोठा फायदा म्हणजे स्नायू वाढतात आणि उपास सहन करण्याची ताकद वाढते, म्हणजे पहाटेच्या त्या घामावरही उपाय होतो. बहुतेक ठिकाणी दोन ते चार वर्षांच्या दरम्यान, आहाराची गाडी रुळावर आल्यावर सुरू करतात. मात्रा दिवसाला किलोमागे 35 मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे तुमच्या मुलीच्या आजच्या वजनाला रोज सुमारे पाव मिलिग्रॅम, रात्री त्वचेखाली. इंजेक्शनआधी ग्रोथ हॉर्मोनची 'स्टिम्युलेशन टेस्ट' करा असं कुणी म्हणालं, तर त्यांना नम्रपणे विचारा की ती कशासाठी. यांच्यात हॉर्मोनचा तुटवडा हा मूळ दोष नसतो, त्यामुळे टेस्टचा निकाल उपचार ठरवत नाही. आणि तिच्यासाठी लांब उपास लागतो, काही पद्धतींत तर साखर मुद्दाम खाली आणतात. या मुलीसाठी तो विनाकारण ओढवून घेतलेला धोका आहे. आणखी एक: 11p15 प्रकारात रक्तातला आयजीएफ-1, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनमुळे तयार होणारा वाढीचा घटक, मुळातच वरच्या बाजूला असतो. तो आकडा बघून कुणी मात्रा घाईने कमी करू नये.

पायाबद्दल. घरातले सगळे लांब पायाकडे बघतात, पण इथे दोष आखूड पायात असतो. उजवा पाय जास्त वाढलेला नाही, डावा मागे राहिला आहे. हे समजून घेणं का गरजेचं, तर एक पाय खरोखर जास्त वाढण्याचे आजारही आहेत. बेकविथ-विडेमन सिंड्रोम हा त्यातला एक, तो याच 11p15 भागातल्या उलट बिघाडाने होतो. त्या मुलांमध्ये मूत्रपिंड आणि यकृताच्या गाठींचा धोका असल्याने वारंवार सोनोग्राफी करतात. सिल्व्हर-रसेलमध्ये तशी नियमित सोनोग्राफी करायची शिफारस नाही. इंटरनेटवर 'एक पाय लांब' असं शोधलं की हीच भीती आधी समोर येते, म्हणून लिहिलं.

मोजायचं कसं? पडून टेप लावण्यात चूक फार होते, मूल जरा वळलं की अर्धा सेंमी इकडे-तिकडे. उभं राहता येत असेल तर आखूड पायाखाली पातळ फळ्या किंवा पुठ्ठे ठेवत जा. मागून पाहताना कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली की खालच्या पुठ्ठ्यांची जाडी म्हणजे फरक. एक सेंमी फरकासाठी या वयात सहसा काही करावं लागत नाही, मूल स्वतःच तोल सांभाळतं. हवाच तर बुटात पातळ तळवा. उंची वाढते तसा फरकही त्या प्रमाणात वाढतो, ग्रोथ हॉर्मोन सुरू केल्यावर तो वाढलेला दिसला तरी इंजेक्शनने बिघडला असं नसतं. दोन सेंमीच्या पुढे गेला तर हाडांच्या डॉक्टरांशी बुटाला उंची देण्याबद्दल आणि पुढच्या योजनेबद्दल बोलावं. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात लांब पायाची गुडघ्याजवळची वाढ थांबवण्याची शस्त्रक्रिया करता येते, पण आधीच बुटक्या मुलीची एका पायाची उंची रोखायची की आखूड पाय लांब करण्याचा लांबलचक मार्ग घ्यायचा, हा निर्णय तेव्हाच्या फरकावर ठरतो. दरवर्षी कमरेतून वाकवून पाठीचा कणा मात्र बघायला सांगा, यांच्यात तो वाकडा होण्याचं प्रमाण जास्त असतं.

वाढीखेरीज बुद्धीचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो मनात असतोच. डोकं जड आणि स्नायू अशक्त असल्यामुळे मान धरणं, बसणं, चालणं उशिरा होतं. त्यावरून बुद्धीचा अंदाज बांधू नका. 11p15 प्रकारात बुद्धी बहुधा नॉर्मल असते. सातव्या गुणसूत्राच्या प्रकारात बोलणं आणि शिकणं यांत अडचणी येण्याचं प्रमाण जास्त. प्रकार शोधून काढण्याचा हाही एक उपयोग. सहा वर्षांनंतर मात्र दर सहा महिन्यांनी काखेतले केस, छाती आणि हाडांचं वय यांवर लक्ष ठेवा. वयात येणं लवकर सुरू झालं तर ते काही काळ थांबवून ठेवणारी इंजेक्शनं आहेत, आणि या मुलांमध्ये ती ग्रोथ हॉर्मोनसोबत निदान दोन वर्षं दिली तर उंचीचा उरलेला वाव राखता येतो.

पुढच्या बाळाबद्दल. 11p15 वरची खूण पुसली जाणं हे सहसा त्या एकाच गर्भात, योगायोगाने झालेलं असतं. एकसारख्या जुळ्यांतही एकाला असतं आणि दुसऱ्याला नसतं. पुन्हा होण्याची शक्यता एक टक्क्याच्या खाली, सातव्या गुणसूत्राच्या प्रकारातही तशीच कमी. गरोदरपणात तुम्ही काय खाल्लं, किती काम केलं, याच्याशी तिचा संबंध नाही. अपवाद फार थोडे: 11p15 भागाची गुणसूत्रातली उलथापालथ, किंवा CDKN1C, IGF2, HMGA2, PLAG1 यांसारख्या एखाद्या जनुकातला बदल. हे घराण्यात पुढे जाऊ शकतात, आणि तेव्हा शक्यता 50 टक्क्यांपर्यंत असते. तुमच्या मुलीत अजून काहीच सापडलेलं नसल्याने पुढच्या गरोदरपणाआधी दोन गोष्टी करून घ्या. गालाच्या स्वॅबवरची मिथिलेशन तपासणी, आणि तीही नॉर्मल आली तर या जनुकांचं सिक्वेन्सिंग. सोबत तुम्हा दोघांची स्वतःची उंची आणि जन्मवजनं विचारून ठेवा. दोघांपैकी कुणी स्वतः जन्मतः फार लहान असेल, तर जनुकतज्ज्ञांना ते पहिल्याच भेटीत सांगा.